खंडित उत्तर (भाषा मॉडेल)

खंडित उत्तर म्हणजे भाषा मॉडेलने लिहायला घेतलेले, परंतु लांबीची ठरलेली मर्यादा गाठल्यामुळे मध्येच थांबलेले उत्तर. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांसारख्या संवादप्रणालींकडे दीर्घ लेख, मोठी यादी, विस्तृत तक्ता किंवा लांबलचक संगणकीय आज्ञावली मागितली असता हा अनुभव येतो. वाक्य अर्धवट राहते, कधी शब्दही पुरा होत नाही. उरलेला भाग मिळवण्यासाठी वापरकर्ता मॉडेलला पुढे लिहिण्याची विनंती करतो. या विनंतीनंतर मिळणाऱ्या भागात दोन दोष वारंवार आढळतात. पहिला पुनरुक्तीचा, म्हणजे आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा येणे. दुसरा भरकटीचा, म्हणजे आधीच्या भागातील मांडणी, क्रम, संज्ञा किंवा लेखनशैली सुटून मजकूर वेगळ्याच वाटेला लागणे. खंड कोठे पडला, काय उरले आहे आणि कोणते नियम कायम ठेवायचे आहेत, हे विनंतीत स्पष्ट लिहिल्यास दोन्ही दोष बरेच कमी होतात.

== उत्तर मध्येच का थांबते ==

भाषा मॉडेल संपूर्ण उत्तर आधी मनाशी रचून मग ते उतरवून काढत नाही. ते मजकुराचे छोटे तुकडे एकामागून एक निर्माण करते. या तुकड्यांना टोकन म्हणतात. टोकन म्हणजे कधी पूर्ण शब्द, कधी शब्दाचा भाग, तर कधी एखादे अक्षर किंवा विरामचिन्ह असते. प्रत्येक नवे टोकन निवडताना मॉडेलसमोर प्रश्न आणि तोपर्यंत लिहून झालेला मजकूर असतो. उत्तर पूर्ण झाले असे दर्शवणारे एक विशेष टोकनही असते. मॉडेलने ते निवडले की उत्तर स्वाभाविकपणे संपते.

याशिवाय एका उत्तरात जास्तीत जास्त किती टोकन निर्माण करायची, याचीही सीमा सेवा पुरवणाऱ्याने किंवा प्रोग्रामरने घातलेली असते. समाप्तीचे टोकन येण्यापूर्वीच ही सीमा आली, तर निर्मिती जेथे असेल तेथे थांबवली जाते. ही मर्यादा बाहेरून लादलेली असते. परीक्षेत घंटा होताच पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिका काढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे मर्यादा जवळ आली म्हणून मॉडेल लेखन आवरते घेतेच असे नाही.

उत्तराची मर्यादा आणि संदर्भमर्यादा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. संदर्भमर्यादा म्हणजे संवादातील जुने प्रश्न, जुनी उत्तरे आणि चालू उत्तर मिळून मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर विचारात घेऊ शकते त्याची सीमा. मे २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ या मॉडेलची संदर्भमर्यादा १,२८,००० टोकन होती, तर त्याच्या पहिल्या आवृत्तीत एका उत्तराची कमाल लांबी ४,०९६ टोकन होती. म्हणजे मॉडेल वाचू शकत होते एखाद्या ग्रंथाएवढे, पण एका दमात लिहू शकत होते एखाद्या दीर्घ लेखाएवढेच. नंतरच्या अनेक मॉडेलांत उत्तराची मर्यादा बरीच वाढली आहे. मात्र अंतिम उत्तराआधी अंतर्गत विचार लिहून काढणाऱ्या मॉडेलांत त्या विचाराची टोकनेही सामान्यतः याच मर्यादेत मोजली जातात. विचारातच बरीच टोकने खर्च झाल्यास दृश्य उत्तर अनपेक्षितपणे लवकर तुटू शकते.

== मराठी मजकुराची स्थिती ==

टोकन ठरवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर इंग्रजी मजकुरावर आधारलेली असल्यामुळे तोच आशय मराठीत लिहिताना अधिक टोकने लागतात. संगणकीय साठवणीच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा किंवा हलन्त चिन्ह यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, परंतु संगणकाच्या दृष्टीने त्यात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत आणि ती १५ बाइट व्यापतात. टोकन पद्धतीला मराठी शब्दांची पुरेशी ओळख नसेल, तर अशा शब्दाचे अनेक तुकडे पडतात.

जीपीटी-४ओ सादर करताना ओपनएआयने विविध भाषांतील एकाच आशयाच्या नमुना मजकुराची तुलना दिली होती. तिच्यात मराठी मजकुराला जुन्या टोकन पद्धतीने ९६ आणि नव्या पद्धतीने ३३ टोकने लागली होती. इंग्रजीसाठी हेच आकडे २७ आणि २४ होते. सुधारणा मोठी आहे, पण अंतर मिटलेले नाही. त्यामुळे इंग्रजीत एका उत्तरात मावणारा निबंध मराठीत मागितल्यावर तुटू शकतो.

देवनागरीत आणखी एक प्रकार घडतो. काही टोकन पद्धतींत बाइट हाच सर्वांत लहान घटक असल्यामुळे खंड एखाद्या अक्षराच्या पोटातही पडू शकतो. अशा वेळी शेवटी सुटे हलन्त चिन्ह, अपुरे जोडाक्षर किंवा प्रश्नचिन्हांकित चौकट दिसते. हे शेवटचे अपुरे अक्षर पुढील विनंतीत उतरवून घेऊ नये. ते काढून टाकून आधीच्या पूर्ण शब्दापर्यंत मागे यावे.

== खंड ओळखणे ==

वाक्य अर्धवट राहिले असेल तर खंड सहज लक्षात येतो. तक्त्याची शेवटची ओळ अपुरी असणे, उघडलेला कंस किंवा अवतरणचिन्ह बंद न होणे, सांगितलेल्या दहा मुद्द्यांपैकी सातच येणे, ही इतर लक्षणे होत. फसवा प्रकार म्हणजे मर्यादा नेमकी पूर्णविरामावर येणे. अशा वेळी उत्तर वरवर पूर्ण दिसते आणि शेवटचा परिच्छेद गळाल्याचे वाचकाच्या ध्यानात येत नाही.

संवादाच्या पडद्यावर काही वेळा खंडाची सूचना दिसते. चॅटजीपीटीमध्ये २०२३ पासून अशा प्रसंगी `Continue generating` ही कळ दिसू लागली. ती दाबल्यावर तेच उत्तर पुढे चालू होते, म्हणून अशी कळ उपलब्ध असेल तेव्हा वेगळी विनंती लिहिण्यापूर्वी ती वापरणे सोयीचे ठरते. प्रोग्रामद्वारे मॉडेल वापरताना मात्र अंदाजाची गरज नसते. उत्तरासोबत थांबण्याचे कारणही मिळते. ओपनएआयच्या संवाद-प्रणालीत आणि अँथ्रोपिकच्या प्रणालीत लांबीमुळे झालेला खंड अनुक्रमे असा नोंदवला जातो:

```
"finish_reason": "length"
"stop_reason": "max_tokens"
```

उत्तर स्वाभाविकपणे संपले असल्यास या जागी अनुक्रमे `stop` आणि `end_turn` असे शब्द येतात.

प्रत्येक अपुरे उत्तर लांबीच्या मर्यादेमुळेच अपुरे राहिलेले असते असे नाही. इंटरनेटची जोडणी तुटल्यास किंवा आशयावरील नियंत्रणामुळे लेखन रोखले गेल्यास उत्तर तसेच दिसते. कधी मॉडेल स्वतःच ‘उर्वरित नोंदी याच पद्धतीने लिहिता येतील’ असे लिहून थांबते. हा खंड नव्हे, तर टाळाटाळ होय. येथे मॉडेलच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालेले असते. म्हणून नुसते ‘पुढे लिहा’ न म्हणता प्रत्येक उरलेली नोंद पूर्ण स्वरूपात हवी असल्याचे सांगावे लागते.

== पुनरुक्ती आणि भरकट यांची कारणे ==

खंडानंतर नवी विनंती मिळते तेव्हा मॉडेलकडे आधीच्या लेखनाचा कोणताही आराखडा वेगळा जपून ठेवलेला नसतो. आधीचा संवाद त्याला पुन्हा वाचायला दिला जातो आणि त्यावरून पुढे काय यावे हे ते ठरवते. मनातली योजना कागदावर उतरलीच नसेल, तर ती पुढच्या भागासाठी उपलब्धही नसते. सलग लिहिणारा लेखक क्षणभर थांबतो, तशी ही अवस्था नसते. दुसऱ्याचे अर्धे राहिलेले हस्तलिखित हाती आलेल्या लेखकासारखी ती असते.

पुनरुक्ती होण्यामागे संवादाचे स्वरूपही आहे. वापरकर्त्याने ‘पुढे’ असे लिहिताच संवादात एक नवी पाळी सुरू होते. नवे उत्तर सुरू करताना छोटी प्रस्तावना करणे, विषयाचा धागा जोडून देणे, शीर्षक लिहिणे ही मॉडेलची प्रशिक्षणातून आलेली सवय असते. म्हणून ‘निश्चितच, आता आपण पुढील भाग पाहू’ अशी सुरुवात होते. त्यानंतर तक्त्याचे मथळे पुन्हा येतात आणि शेवटच्या एकदोन नोंदी नव्याने लिहिल्या जातात. वाक्य मध्येच तुटलेले असेल तर ते पुरे करण्याऐवजी संपूर्ण वाक्य पहिल्यापासून लिहिण्याकडे कल असतो.

भरकटीचे मुख्य कारण म्हणजे मूळ सूचना दूर पडणे. ‘प्रत्येक नोंद तीन वाक्यांची असावी’ ही अट संवादाच्या आरंभी एकदाच आलेली असते. मधे हजारो टोकनांचा मजकूर येतो आणि शेवटी ‘पुढे’ एवढा एकच शब्द असतो. अशा स्थितीत त्या अटीचा प्रभाव क्षीण होऊ शकतो. संवाद संदर्भमर्यादेपलीकडे वाढला आणि प्रणालीने जुना भाग गाळला, तर ती अट मॉडेलपुढे उरतच नाही. मग तीन वाक्यांची नोंद एका वाक्यावर येते किंवा एका परिच्छेदाएवढी फुगते. संज्ञा बदलतात. एकाच वस्तूला पूर्वार्धात एक नाव आणि उत्तरार्धात दुसरे नाव मिळते.

== एक उदाहरण ==

समजा, एका विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांची परिचयात्मक यादी मागितली आहे. प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव, मुख्यालय, प्रशासकीय विभाग आणि त्यानंतर भूगोलाविषयी तीन वाक्ये असावीत अशी अट आहे. एक नोंद सुमारे ६० शब्दांची होते. एका मराठी शब्दाला सरासरी ३ टोकने धरल्यास एका नोंदीला १८० टोकने लागतील, आणि ३६ नोंदींना ६,४८०. उत्तराची मर्यादा ४,०९६ टोकनांची असेल तर २२ नोंदी पूर्ण होऊन तेविसावी मध्येच तुटेल. यादी विभागवार असून छत्रपती संभाजीनगर विभाग १८व्या क्रमांकापासून सुरू झाला आहे असे धरू. तेविसावी नोंद नांदेडची आहे आणि ती ‘नांदेड शहर गोदावरी नदीच्या काठी वसलेले असून तेथील’ या शब्दांवर थांबली आहे.

विद्यार्थ्याने केवळ ‘पुढे लिहा’ असे म्हटल्यास संभवणारे दोष असे. नांदेडची नोंद पहिल्यापासून पुन्हा येईल आणि जोडलेल्या यादीत नांदेड दोनदा दिसेल. किंवा विभाग संपला असे समजून मॉडेल थेट अमरावतीकडे वळेल आणि हिंगोली व धाराशिव हे दोन जिल्हे गळतील. क्रमांक १पासून नव्याने सुरू होणेही असामान्य नाही. सर्वांत सूक्ष्म दोष नावांचा असतो. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, तर अहमदनगर जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले. मॉडेलच्या प्रशिक्षणातील बहुतांश मजकूर या बदलांपूर्वीचा असल्यामुळे पूर्वार्धात नवी नावे पाळणारे मॉडेल उत्तरार्धात जुन्या नावांकडे घसरू शकते. मग एकाच यादीत १८व्या नोंदीचे नाव छत्रपती संभाजीनगर, परंतु २४व्या नोंदीत विभागाचे नाव औरंगाबाद, अशी विसंगती निर्माण होते. वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही दोन वेगळी ठिकाणे वाटली तर त्याचा दोष नाही.

अशा वेळी उपयुक्त ठरणारी विनंती पुढीलप्रमाणे असू शकते:

```
यादी नोंद २३ (नांदेड) मध्ये तुटली आहे. ती अपुरी नोंद
मी काढून टाकली आहे. नोंद २३ पहिल्यापासून पूर्ण लिहा
आणि ३६ पर्यंत जा.
उरलेला क्रम: २३ नांदेड, २४ हिंगोली, २५ धाराशिव;
अमरावती विभागाच्या नोंदी २६ ते ३०;
नागपूर विभागाच्या नोंदी ३१ ते ३६.
प्रत्येक नोंद: जिल्हा, मुख्यालय, विभाग, मग तीन वाक्ये.
नावे: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर हीच.
प्रस्तावना, शीर्षक व नोंदी १ ते २२ पुन्हा देऊ नका.
पहिली ओळ "२३. नांदेड" अशी असावी.
```

या विनंतीतील प्रत्येक ओळ एकेका दोषावर उपाय म्हणून आलेली आहे. उरलेल्या नोंदींचा क्रम लिहिल्यामुळे जिल्हे गळण्याची शक्यता कमी होते. जो आराखडा मॉडेलजवळ नव्हता, तो आता त्याच्यासमोर मांडला गेला आहे. नोंदीचा साचा आणि नावे पुन्हा सांगितल्यामुळे दूर पडलेल्या अटी जवळ येतात. शेवटची ओळ विशेष महत्त्वाची आहे. ‘प्रस्तावना नको’ असा नुसता निषेध करण्यापेक्षा उत्तराचे पहिले शब्द कोणते असावेत हे सांगणे अधिक परिणामकारक ठरते, कारण त्यामुळे सुरुवातीला काही वेगळे लिहिण्यास वाव उरत नाही.

ही विनंती त्याच संवादात केली जाते असे येथे गृहीत आहे. नव्या संवादात ती केल्यास आधीच्या २२ नोंदी मॉडेलला दिसत नाहीत. तेव्हा मूळ प्रश्न आणि नमुन्यादाखल शेवटच्या दोन-तीन पूर्ण नोंदी विनंतीसोबत द्याव्या लागतात. सर्व २२ नोंदी देण्याची गरज सहसा नसते. शैली आणि साचा कळण्यासाठी दोन-तीन पुरतात, आणि काय येऊन गेले आहे हे नुसत्या नावांच्या यादीनेही सांगता येते.

== शब्दापासून की नोंदीपासून ==

वरील उदाहरणात अपुरी नोंद काढून टाकून ती पहिल्यापासून मागितली आहे. ‘तेथील’ या शब्दापुढून थेट लिहा, असेही सांगता आले असते. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. इंग्रजीत लिहिलेल्या काही मार्गदर्शनात शेवटच्या शब्दापासून पुढे जाण्याची सूचना आढळते. मराठी गद्यासाठी मात्र शेवटच्या पूर्ण घटकापर्यंत मागे येणे अधिक सुरक्षित आहे.

याचे कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते आणि त्याचे रूप कर्त्याच्या किंवा कर्माच्या लिंगवचनावर अवलंबून असते. अर्ध्या वाक्याचा उत्तरार्ध नव्या पाळीत लिहिला जातो तेव्हा तो पूर्वार्धाशी न जुळण्याचा संभव असतो. ‘तेथील’ या शब्दानंतर नाम यायला हवे. नवा भाग ‘हे शहर शिखांचे पवित्र स्थान आहे’ असा सुरू झाला, तर स्वतंत्रपणे तो निर्दोष असूनही जोडल्यावर वाक्य मोडते. ‘तेथील हुजूर साहिब सचखंड गुरुद्वारा प्रसिद्ध आहे’ असे आले तरच सांधा जुळतो.

मागे येण्याचा घटक मजकुराप्रमाणे बदलतो. यादीत तो नोंद असतो, निबंधात परिच्छेद, तक्त्यात ओळ, आणि आज्ञावलीत एक संपूर्ण फंक्शन. टाकून दिलेल्या काही शब्दांचे नुकसान किरकोळ असते. अपवाद फार मोठ्या घटकाचा. एकच फंक्शन शेकडो ओळींचे असेल तर ते पहिल्यापासून मागितल्यास पुन्हा त्याच ठिकाणी तुटू शकते. तेव्हा शेवटच्या पूर्ण ओळीपर्यंत मागे यावे आणि ती ओळ विनंतीत जशीच्या तशी उद्धृत करून ‘या ओळीच्या पुढची ओळ प्रथम लिहा’ असे सांगावे. आज्ञावलीच्या बाबतीत नवा भाग स्वतंत्र चौकटीत येतो. दोन भाग जोडताना चौकटीच्या खुणा आणि पुन्हा आलेल्या आरंभीच् या ओळी काढाव्या लागतात.

== मॉडेलच्याच पाळीत पुढे लिहिणे ==

काही प्रोग्रामिंग सेवांत वेगळी विनंती न करता खंडित उत्तरच मॉडेलच्या नावाने शेवटचा संदेश म्हणून परत पाठवता येते. मॉडेल मग नवी पाळी सुरू न करता तेच उत्तर पुढे लिहू लागते. यात प्रस्तावनेला जागाच नसल्यामुळे पुनरुक्ती कमी होते, आणि वाक्याच्या मध्यापासूनही सांधा बहुधा नीट बसतो. अँथ्रोपिकच्या सेवेत ही पद्धत बराच काळ वापरात होती. अशा संदेशाच्या शेवटी मोकळी जागा सोडलेली तेथे चालत नाही. अनेक टोकन पद्धतींत शब्दाआधीची मोकळी जागा त्या शब्दाच्याच टोकनाचा भाग असते, त्यामुळे शेवटी आधीच जागा सोडल्यास पुढचा शब्द अनैसर्गिक रीतीने तुटतो. काही नव्या मॉडेलांत ही सोय बंद करण्यात आली आहे. तेथे वर वर्णिलेली विनंतीच करावी लागते.

== सांधा आणि पडताळणी ==

दोन भाग जोडल्यावर प्रथम सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकत्र वाचल्या जातात. पूर्वार्धाच्या शेवटचे काही शब्द उत्तरार्धाच्या आरंभी पुन्हा आले असतील तर त्यांतील एक प्रत काढली जाते. शब्द तंतोतंत तेच नसून आशय तोच असेल, तर ते केवळ शोधसुविधेने सापडत नाही, डोळ्यांनी वाचावे लागते.

त्यानंतर मोजणी. केवळ एकूण संख्येवर विसंबणे धोक्याचे असते, कारण एक नोंद दोनदा आली आणि दुसरी गळाली तरी एकूण संख्या बरोबरच येते. वरील उदाहरणात विभागवार मोजणी अधिक उपयोगी पडते: कोकण ७, पुणे ५, नाशिक ५, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५ आणि नागपूर ६, एकूण ३६. छत्रपती संभाजीनगर विभागात ६च नोंदी आढळल्या, तर खंड त्याच विभागात पडला होता हे लक्षात घेऊन गळालेले जिल्हे लगेच शोधता येतात. कोकणात ६ आढळल्यास दोष सांध्याचा नव्हे, तर मूळ उत्तराचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा ३६वा जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीच्या मजकुरात ३५च जिल्हे असल्याने पालघर निसटण्याची शक्यता असते.

साच्याची पडताळणी करताना सांध्याच्या अलीकडच्या दोन आणि पलीकडच्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या जातात. लांबी, मुख्यालय लिहिण्याची रीत आणि विभागाचे नाव यांत फरक पडला असल्यास तो येथेच दिसतो. भरकट हळूहळू वाढत असेल तर मात्र सांध्याजवळ सारे ठीक असते आणि शेवटच्या नोंदी बिघडलेल्या असतात. म्हणून पहिली आणि शेवटची नोंद यांचीही तुलना केली जाते.

या साऱ्या तपासणीने सलगता कळते, सत्यता नव्हे. रायगड जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग आणि सिंधुदुर्गाचे ओरोस आहे. जिल्ह्याच्या नावावरूनच मुख्यालय ठरवणारी नोंद साच्यात अचूक बसूनही चुकीची असते.

== खंड टाळण्याचे उपाय ==

मजकूर मोठा होणार हे आधीच माहीत असेल तर तो भागांत मागवणे श्रेयस्कर असते. प्रथम केवळ आराखडा मागवला जातो. तो लहान असल्याने तुटत नाही, आणि एकदा संवादात उतरल्यावर पुढील प्रत्येक भागासाठी समोर राहतो. मग एका विनंतीत एक विभाग, याप्रमाणे सहा विनंत्यांत ३६ जिल्हे पूर्ण होतात. सर्वांत मोठ्या आठ जिल्ह्यांच्या विभागालाही वरील हिशेबाने सुमारे १,४४० टोकने लागतात, म्हणजे ४,०९६च्या मर्यादेत तो आरामात मावतो. शिवाय प्रत्येक खंड विभागाच्या सीमेवर, वापरकर्त्याने ठरवलेल्या ठिकाणी पडतो.

‘चार हजार टोकनांच्या आत संपवा’ अशी सूचना तितकीशी भरवशाची नाही. लिहिताना स्वतःची टोकने अचूक मोजण्याची सोय मॉडेलजवळ सहसा नसते. नोंदींची किंवा परिच्छेदांची संख्या सांगितल्यास ती अधिक नेमकेपणाने पाळली जाते. प्रोग्रामद्वारे काम करणाऱ्यास उत्तराची मर्यादा काही प्रमाणात वाढवता येते, परंतु त्या मॉडेलसाठी ठरलेल्या कमाल सीमेपलीकडे नाही.

खंड पडल्यावर वारंवार ‘पुढे’ म्हणत राहण्याचा खर्चही असतो. प्रत्येक वेळी आधीचा सारा संवाद मॉडेलला पुन्हा वाचायला दिला जात असल्याने, टोकनांनुसार शुल्क आकारणाऱ्या सेवांत पुढील प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा महाग पडत जातो. वाचलेला मजकूर तात्पुरता साठवून ठेवण्याची सोय काही सेवा देतात, त्यामुळे हा खर्च कमी होतो. तिसऱ्या किंवा चौथ्या भागापर्यंत मजकूर भरकटू लागल्याचे आढळल्यास त्याच संवादात दुरुस्त्या करत राहण्यापेक्षा आराखडा आणि दोन चांगल्या नोंदी घेऊन नवा संवाद सुरू करणे अनेकदा कमी कष्टाचे ठरते. जुन्या संवादात राहिलेला भरकटलेला मजकूर मॉडेल पुढेही नमुना म्हणून वाचतच राहते.